काडीच्या आतले पुसट आकडे: फोटोवरून फ्रेमची कंपनी आणि मॉडेल कसं ओळखायचं

प्रश्न: बाबांच्या चष्म्याची उजवी काडी तुटली. वरची कड जाड शेल प्लास्टिकची आणि काचेखाली धातूची तार अशी फ्रेम आहे. डाव्या काडीच्या आत बारीक अक्षरं आहेत, पण पुसट झालीत. फोटो मोठा करून `RB 51_4 2012 _9□21 140` एवढंच वाचता आलं. चष्मेवाले म्हणाले, २०१२ सालचा माल आहे, आता काही मिळायचं नाही. नेमकं मॉडेल कोणतं, आणि हे कसं ओळखतात?

उत्तर: २०१२ हे साल नाही, रंगाचा नंबर आहे. फ्रेम रे-बॅनची 5154, रंग हवाना, काचेचा साइज ४९. हे मॉडेल क्लबमास्टर घराण्यातलं आणि वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे, त्यामुळे आशा सोडायचं कारण नाही. मी या उत्तरापर्यंत कसा आलो ते सविस्तर सांगतो, कारण हीच रीत दुसऱ्या कुठल्याही फ्रेमला लावता येते.

काडीच्या आतली ओळ डावीकडून उजवीकडे एका ठरावीक क्रमाने लिहिलेली असते: आधी कंपनीची खूण आणि मॉडेल, मग रंग, मग मापं. पूर्ण ओळ अशी दिसते:

```
RB 5154   2012   49□21   140
```

पहिला गट मॉडेलचा. दुसरा रंगाचा, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. रे-बॅनच्या नंबरच्या चष्म्यांमध्ये काळ्या रंगाचा नंबर 2000 आणि तपकिरी-पिवळसर छटांच्या हवानाचा 2012. दोन्ही नेमके सालासारखे दिसतात, म्हणून काळी फ्रेम आणणारा हमखास म्हणतो की चष्मा सन २००० चा आहे. उत्पादनाचं साल या जागी छापतच नाहीत. तुमच्या हातातला 2012 छापलेला चष्मा गेल्या वर्षी बनलेलाही असू शकतो.

तिसऱ्या गटातला चौकोन म्हणजे मोजण्याची पद्धत. काचेभोवती एक आयत काढला अशी कल्पना करायची. त्या आयताची रुंदी ४९ मिलिमीटर आणि दोन आयतांमधलं, म्हणजे नाकावरचं अंतर २१ मिलिमीटर. शेवटचा १४० हा काडीच्या लांबीचा. ती बिजागरीच्या स्क्रूपासून टोकापर्यंत, कानामागच्या वळणासकट मोजतात. सरळ पट्टी ठेवून मोजलं तर आकडा कमी येतो आणि माणूस गोंधळतो.

आता पुसलेले आकडे कसे भरायचे? या ओळीतली मापं केवळ माहितीसाठी नसतात, ती एकमेकांवर पहाराही ठेवतात. `51_4` मध्ये हरवलेल्या जागी कुठलाही आकडा येऊ शकतो. पण रे-बॅनचे नंबर ज्याच्या डोळ्याखालून जातात त्याला चटकन आठवतात ते 5154 आणि 5184. 5184 ही न्यू वेफेररची नंबरची आवृत्ती. ती पूर्ण शेलची असते, धातूची तार तिच्यात नसते, आणि नाकावरचं माप १८ असतं. तुमच्या फोटोत २१ स्वच्छ वाचता येतो. म्हणजे 5184 एका आकड्यावरच बाद. वर जाड शेल आणि खाली धातू ही ठेवण आणि २१ चा ब्रिज, या दोन्ही गोष्टी 5154 मध्ये एकत्र येतात.

`_9` चा उलगडाही तसाच. 5154 नेहमी दिसते ती `49□21 140` आणि `51□21 145` या मापांत. तुमचा शेवटचा आकडा ९ आहे आणि काडी १४० ची आहे. दोन वेगळ्या खुणा एकाच मापाकडे बोट दाखवतात. फक्त ९ दिसला असता तर मी जपून बोललो असतो, कारण पुसट छपाईत ९ आणि ० सहज एकमेकांसारखे दिसतात. पण १४० सोबत असल्यामुळे शंका उरत नाही.

तरीही पैसे मोजण्याआधी स्वतः मोजून खात्री करा. घरात पॅन कार्ड किंवा बँकेचं कार्ड असेलच. या कार्डांची रुंदी ठरलेली असते, ८५.६ मिलिमीटर. चष्म्याचा पुढचा भाग कॅमेऱ्याकडे करा आणि कार्ड त्याच्या शेजारी, त्याच पातळीवर धरा. कार्ड मागे किंवा पुढे गेलं तर सगळा हिशेब बिघडतो. फोन दीड-दोन फूट लांब ठेवून झूम करा, कारण अगदी जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो. मग फोटोत दोन्ही रुंद्या मोजा. समजा, कार्ड ८५६ पिक्सेल आलं आणि काचेचा दिसणारा भाग ४८०, तर काच दिसते ४८ मिलिमीटर. यात साधारण एक मिलिमीटर मिळवायचा, कारण काचेची कड दोन्ही बाजूंना फ्रेमच्या खाचेत थोडी आत बसलेली असते आणि छापलेलं माप खाचेच्या तळापासूनचं असतं. म्हणजे ४९. याच कारणाने नाकावरचं अंतर मोजताना ते छापलेल्यापेक्षा किंचित जास्त भरतं. नुसत्या फोटोतल्या प्रमाणावर मात्र विसंबू नका. ४९ ला २१ ने भागलं तर २.३३ येतात, ५१ ला भागलं तर २.४३. चष्मा जरासा तिरका धरला तरी एवढा फरक कुठल्या कुठे जातो.

आता फोटोविषयी. ओळखता न येणाऱ्या बहुतेक फ्रेममध्ये आकडे पुसलेले नसतात, फोटो चुकीचा काढलेला असतो. काडीच्या आतला मजकूर दोन प्रकारचा: वरून छापलेला किंवा दाबून, कोरून उमटवलेला. छापलेला घामाने आणि केसांच्या तेलाने झिजतो. कोरलेल्याचा रंग गेला तरी खड्डा राहतो, आणि तो खड्डा सावलीतच दिसतो. म्हणून फोनचा फ्लॅश बंद करा. खोलीत अंधार करा आणि छोटी बॅटरी काडीच्या टोकाच्या बाजूने, जवळजवळ आडवी धरा. प्रकाश पृष्ठभागावरून घासत गेला की अक्षरांच्या कडा उठून दिसतात. बॅटरी डावीकडून, उजवीकडून, मग वरून अशी फिरवत चार-पाच फोटो काढा. ० आणि ८ मधला फरक एका फोटोत दिसत नाही, पण सावली बदलली की मधली आडवी रेघ दिसते. काळ्या काडीवर कोरलेली अक्षरं असतील तर थोडी टाल्कम पावडर बोटाने चोळून मऊ कापडाने पुसा. पावडर खाचेत अडकते आणि आकडे पांढरे होऊन समोर येतात. तुमच्यासारख्या हवाना काडीत एक जास्तीची अडचण असते: रंगातले गडद डाग आकड्यांच्या मागे येऊन ते तोडतात. तिथे काडीच्या मागे पांढरा कागद धरून प्रकाश आरपार जाऊ दिला की काम सोपं होतं.

साफ करताना कोमट पाणी, दोन थेंब साधा साबण आणि मऊ कापड, एवढंच. नेलपॉलिश काढायचं द्रव्य चुकूनही लावू नका. त्यात ॲसिटोन असेल तर ते शेलचं प्लास्टिकच विरघळवतं, आणि आकड्यांसोबत काडीचा पृष्ठभागही जातो. स्पिरिटने छपाई निघून जाऊ शकते, आणि एकदा गेलेली छपाई परत येत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान झालेल्या चित्रात नेमके हेच बारीक आकडे मरतात. पुढच्या कॅमेऱ्याने काढला असेल तर अक्षरं उलटी आली नाहीत ना, तेही बघा.

दोन्ही काड्यांचे फोटो काढा, हे मी कळकळीने सांगतो. रे-बॅनमध्ये मॉडेल, रंग आणि मापं बहुतेक वेळा डाव्या काडीत असतात आणि उजवीत कंपनीचं नाव, बनवल्याचा देश आणि `CE`. डावी म्हणजे चष्मा घालणाऱ्याची डावी. लोक तुटलेली काडी टाकून देतात आणि उरलेलीचा फोटो आणतात. तुमच्या बाबतीत डावी शाबूत आहे म्हणून काम झालं. उलट झालं असतं तर हातात फक्त नाव आणि `CE` उरलं असतं. `CE` वरून चिनी माल असा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. ती युरोपातल्या नियमांना धरून असल्याची खूण आहे, देशाची नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. काडी आधी कधी बदललेली असू शकते. दुकानात जुन्या फ्रेममधून काढलेल्या काड्या पडलेल्या असतात, आणि बिजागरी जुळली की त्या लावून दिल्या जातात. मग काडीवरचा नंबर एका चष्म्याचा आणि समोरचा भाग दुसऱ्याचा. अशी काडी वाचून मागवलेला भाग कधीच बसत नाही. हे ओळखायला दोन्ही काड्या मिटून एकमेकांवर ठेवून बघा: लांबी सारखी आहे का, बिजागरीची नळकांडी तितकीच आहेत का, शेलच्या डागांची जात एकच आहे का. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे काडीवर छापलेला काचेचा साइज आणि वर सांगितल्याप्रमाणे मोजलेला साइज जुळतो का. जुळत नसेल तर त्या नंबरवर विश्वास ठेवू नका.

नंबर मिळाला तरी शोध घेताना आणखी एक अडथळा येतो: काडीवरचं नाव आणि कॅटलॉगमधलं नाव एकच नसतं. तुमच्या काडीवर `RB 5154` आहे, पण नंबरच्या चष्म्यांच्या यादीत हीच फ्रेम `RX5154` या नावाने असते, आणि घाऊक विक्रेत्याच्या पडद्यावर पुढे शून्य लागून `0RX5154` दिसते. `RB` टाकून शोधलं आणि सापडलं नाही म्हणून मॉडेल बंद झालं, असं सांगणारे दुकानदार मी पाहिलेत. हीच गोष्ट प्राडामध्ये जास्त अवघड होते. काडीवर `VPR 17M` असतं आणि यादीत `PR 17MV`. पुढचा V उचलून मागे नेलेला. तिथेच रंगाच्या जागी `1AB-1O1` असेल, तर त्यातलं मधलं अक्षर O आहे, शून्य नाही. टॉम फोर्डच्या काडीवर `TF` आणि यादीत `FT`. गुच्चीच्या हल्लीच्या मॉडेलांत शेवटी O असेल तर नंबरचा चष्मा, S असेल तर गॉगल, आणि त्या O च्या आधी खरे शून्यही असतात, जसं `GG0025O`. म्हणून शोधताना आधी O घालून आणि मग शून्य घालून, दोन्ही प्रकारे बघायची सवय ठेवा.

तुमच्या फ्रेमचा जुळा भाऊ म्हणावा असा क्लबमास्टर गॉगल आहे, त्याचा नंबर 3016. ठेवण तीच, आणि मापंही `49□21 140`, `51□21 145` हीच. त्यामुळे नुसतं नाव आणि माप सांगून मागवलं तर गॉगलची काडी येऊ शकते. तिथे रंगांची पद्धत वेगळी: काळ्यासाठी `W0365`. ओळीच्या शेवटी `3N` किंवा `3P` दिसलं तर तो गॉगल. तीन हा काचेच्या गडदपणाचा वर्ग आणि P म्हणजे पोलराइज्ड. नंबरच्या चष्म्याच्या काडीवर हा वर्ग नसतो, कारण काच नंतर बसवायची असते. तुमच्या ओळीत १४० नंतर काही नाही, तेव्हा 5154 ला आणखी एक पुष्टी मिळाली.

देशाचं नावही काही वेळा उगाच घाबरवतं. इटलीच्या लक्सॉटिका कंपनीने १९९९ मध्ये बॉश अँड लॉम्बकडून रे-बॅन घेतली. त्यामुळे इटलीचं नाव असलेला माल त्यानंतरचा, आणि `B&L` कोरलेला आधीचा. त्या जुन्या अमेरिकी धातूच्या चष्म्यांत मॉडेल नंबर काडीत शोधून सापडत नाही. नाकावरच्या पट्टीच्या मागे `58□14` असं माप आणि कंपनीचं नाव मिळतं. राजस्थानात भिवाडीला रे-बॅनचा कारखाना आहे, म्हणून भारताचं नाव छापलेला चष्मा त्याच कारणाने खोटा ठरत नाही. चीनचं नावही एकटं पुरेसं नाही, तिथेही कंपनीचे कारखाने आहेत.

खरा-खोटा ओळखण्याविषयी एवढंच सांगतो की बरोबर नंबर हा खरेपणाचा पुरावा नव्हे. नकली माल बनवणारा पूर्ण ओळ अस्सल चष्म्यावरून उतरवतो. पण चुकीचा नंबर हा मात्र खोटेपणाचा चांगला पुरावा असतो. धातूच्या एव्हिएटरवर `RB 2140` असेल, म्हणजे वेफेररचा नंबर असेल, किंवा `58` छापून काच मोजल्यावर पंचावन्न भरत असेल, तर पुढे काही तपासायची गरज नाही.

आणि काही फ्रेमना या रीतीने नावच मिळत नाही, ते स्वच्छ सांगायला हवं. काडीत फक्त चार आकडे, मग `C1` किंवा `COL.3`, मग `52-18-140` एवढंच असेल तर तो कारखान्याचा स्वतःचा क्रमांक असतो. `C1` म्हणजे त्या मॉडेलचा पहिला रंग. तो कुठे काळा असतो, कुठे निळा. एकच फ्रेम एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या नावांखाली विकली जाते, आणि तोच चार आकडी नंबर दुसरा कारखाना अगदी वेगळ्या फ्रेमला देतो. अशा वेळी नंबर टाकून शोधत बसण्यापेक्षा मापं आणि बिजागरी जुळवून दुसरी काडी बसवणं शहाणपणाचं. रिमलेसमध्ये काचेचा साइज फ्रेम ठरवतच नाही, काचेला दिलेला आकार ठरवतो. त्यामुळे तिथे नाकावरचं माप आणि काडीची लांबी यांवरच भर द्यावा लागतो. फास्ट्रॅकसारख्या आपल्याकडच्या मोठ्या ब्रँडचे नंबर मात्र सरळ असतात: `P357BK1` मध्ये `BK` म्हणजे काळा, आणि शोधल्यावर नेमकी तीच वस्तू समोर येते.

तुम्ही आता दुकानात गेलात की असं मागा: `RX5154`, रंग `2012`, साइज `49`, उजवी काडी, लांबी `140`. यातलं एकही गाळू नका. डावी-उजवी एकमेकींच्या जागी बसत नाहीत, कारण बिजागरीचा कोन आणि कानामागचं वळण उलटं असतं. ५१ साइजची काडी १४५ ची येते. ती लावली तर एक बाजू पाच मिलिमीटरने लांब होऊन चष्मा बाबांच्या नाकावर तिरका बसेल. त्यांच्या काचा जर प्रोग्रेसिव्ह असतील तर वाचायचा भाग जागेवरून सरकेल आणि मान वाकडी करून वाचावं लागेल.

सुटी काडी मिळायला वेळ लागतो म्हणाले, तर पूर्ण फ्रेम त्याच नंबरची घ्या आणि जुन्या काचा तीत बसवून मागा. मॉडेल आणि साइज दोन्ही तेच असतील तर काचा सहसा चालतात. ४९ च्या काचा ५१ च्या फ्रेममध्ये सैल पडतात, म्हणून फ्रेम हातात आल्यावर पैसे देण्याआधी नव्या काडीच्या आतली ओळ उजेडात धरून स्वतः वाचा. जुन्या फ्रेमचा पुढचा भाग आणि डावी काडी मात्र टाकू नका. नव्या फ्रेमचा स्क्रू, नोजपॅड किंवा काडी कधी गेली तर त्यातूनच काढून लावता येईल.